सीसी लिमिट वाढवण्याचं पत्र : ९० लाख मागावेत की ७५?

प्रश्न : भोसरी एमआयडीसीत आमचं सीएनसी मशीनिंगचं युनिट आहे, भागीदारी फर्म. बँकेचं कॅश क्रेडिट, म्हणजे सीसी लिमिट ५० लाख. २०२५-२६ ची विक्री ३.४२ कोटी झाली, यंदा चाकणच्या एका नवीन ग्राहकामुळे ४.५० कोटी होईल. आमचा अकाउंटंट म्हणतो की टर्नओव्हरच्या २० टक्के मिळतात, म्हणून ९० लाख मागा. मॅनेजर म्हणाले, पत्र द्या आणि प्रोजेक्शन जोडा. पत्रात काय लिहायचं? गेल्या ऑगस्टमध्ये नऊ दिवस लिमिट ओव्हर झालं होतं आणि एक चेक परत गेला होता. ते लिहावं की गप्प बसावं? काही पेमेंट दुसऱ्या बँकेतल्या करंट खात्यात येतात, त्याने अडचण येईल का?

उत्तर : बँकेच्या कर्ज विभागात मी २६ वर्षं काढली, त्यातली निम्मी पिंपरी-चिंचवड पट्ट्यातल्या युनिटांचे प्रस्ताव लिहिण्यात गेली. त्यामुळे पत्र ज्याच्या टेबलावर जातं त्याच्या बाजूने सांगतो. आता बहुतेक बँकांत प्रस्ताव शाखेत लिहिला जात नाही, प्रक्रिया केंद्रात लिहिला जातो. तिथल्या अधिकाऱ्याने तुमचं युनिट पाहिलेलं नसतं आणि तुमच्याशी त्याचं बोलणंही झालेलं नसतं. त्याला वरिष्ठांपुढे एक टिपण ठेवायचं असतं आणि त्यातला प्रत्येक आकडा कुठून आला हे दाखवायचं असतं. तुमच्या पत्रातून त्याला ते टिपण सरळ लिहिता आलं, तर काम पुढे सरकतं. नाहीतर खुलासे मागवण्यात दीड-दोन महिने जातात.

आधी रकमेचं पाहू, कारण बाकी सगळं तिच्यावर उभं राहतं. अकाउंटंटचा हिशोब चुकीचा नाही. १९९१ साली रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या नायक समितीने लहान उद्योगांसाठी ही सोपी पद्धत सुचवली. अपेक्षित विक्रीच्या २५ टक्के खेळतं भांडवल लागतं असं धरायचं, त्यातले ५ टक्के मालकाने घालायचे आणि २० टक्के बँकेने द्यायचे. सूक्ष्म आणि लघु उद्योगांना ५ कोटींपर्यंतच्या लिमिटसाठी बँका आजही ती वापरतात. ४.५० कोटींचे २० टक्के म्हणजे ९० लाख, हे बरोबर. पण त्या पद्धतीत एक बारीक अट आहे आणि ती सहसा कोणी सांगत नाही. ताळेबंदात तुमचं स्वतःचं निव्वळ खेळतं भांडवल ५ टक्क्यांपेक्षा जास्त दिसत असेल, तर बँक तेवढी जास्तीची रक्कम आपल्या वाट्यातून कमी करते.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लिमिट मंजूर होणं वेगळं आणि ते वापरता येणं वेगळं. दर महिन्याच्या स्टॉक स्टेटमेंटवरून जी ड्रॉइंग पॉवर, म्हणजे डीपी निघते, तेवढेच पैसे तुम्ही उचलू शकता. म्हणून मागायची रक्कम उलटीकडून काढा. ४.५० कोटी विक्री झाली तर तुमची डीपी किती बसेल?

तुमच्यासारख्या युनिटचे नेहमीचे आकडे धरून करून दाखवतो, तुम्ही तुमचे घाला. महिन्याची विक्री साडेसदतीस लाख. उधारी ६० दिवसांची असेल, तर येणं ७५ लाख, आणि १८ टक्के जीएसटी धरून साधारण ८८.५ लाख. कच्चा माल महिनाभराचा, म्हणजे २०.६ लाख. मशीनवर चाललेला आणि डिस्पॅचसाठी तयार असलेला माल मिळून आणखी १६ लाख. एकूण स्टॉक झाला ३६.६ लाख. यातून स्टीलवाल्याचं देणं वजा होतं, कारण उधारीवर आणलेल्या मालावर बँक पैसे देत नाही. महिनाभराचं ते देणं जीएसटीसकट २४.३ लाख. म्हणजे पैसे चुकवलेला स्टॉक उरला १२.३ लाख. दोन्हींवर २५ टक्के मार्जिन, म्हणजे तुमचा स्वतःचा वाटा कापला, तर येण्यावर ६६.४ लाख आणि स्टॉकवर ९.२ लाख, मिळून डीपी ७५.६ लाख.

म्हणून ९० नव्हे, ७५ लाख मागा. ९० मंजूर झाले तरी वरचे १५ लाख कागदावरच राहतील. त्यांच्यावरही प्रोसेसिंग फी जाईल, दस्ताचा खर्च जाईल, आणि काही बँका न वापरलेल्या लिमिटवर आकार लावतात. माझ्याकडे चिंचवडचा एक फॅब्रिकेशनवाला यायचा. त्याने हट्टाने ८० लाख मंजूर करून घेतले, पण त्याची डीपी वर्षभर ५२ च्या वर गेली नाही. पुढच्या नूतनीकरणाला अधिकाऱ्याने टिपणात लिहिलं की अंदाज गाठला गेला नाही. धंदा ठीक चालला होता, पण त्या एका वाक्यामुळे पुढची वाढ दोन वर्षं अडली. बँकेने येण्यावर २५ ऐवजी ४० टक्के मार्जिन ठेवलं असेल, तर तुमचा आकडा आणखी खाली येतो. म्हणून जुनं मंजुरीपत्र काढून मार्जिन किती आहे ते आधी बघा. किती दिवसांपुढचं येणं धरत नाहीत तेही तिथेच लिहिलेलं असतं, बहुधा ९० दिवस असतात.

आता हाच हिशोब आजच्या ३.४२ कोटींवर करा. येणं साधारण ६७ लाख, स्टॉक २८, देणं साडेअठरा. डीपी येते ५७ लाखांच्या आसपास आणि लिमिट आहे ५०. म्हणजे आजही तुमचा माल आणि येणं लिमिटपेक्षा जास्त रकमेला आधार देत आहे. तुमच्या बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा हाच आहे, कारण तो भविष्यातला अंदाज नाही, बँकेकडेच पडून असलेल्या स्टॉक स्टेटमेंटमधून निघतो. वर्षभराच्या स्टेटमेंटमधली डीपी आणि लिमिट असा बारा ओळींचा तक्ता पत्राला जोडा.

प्रोजेक्शनकडे अधिकारी कसा पाहतो ते आता सांगतो. तो सर्वांत आधी मागच्या वर्षीचं प्रोजेक्शन काढतो. तुम्ही गेल्या नूतनीकरणाला ३.६० कोटी लिहिले असतील आणि ३.४२ झाले असतील, तर ९५ टक्के गाठले. हे चांगलं आहे आणि ते तुम्हीच पत्रात लिहा. ५ कोटी लिहून ३.४२ केले असतील, तर यंदाच्या ४.५० वर कोण विश्वास ठेवेल?

मग तो वाढीचा वेग बघतो. समजा २०२३-२४ ला २.६८ कोटी, २०२४-२५ ला ३.०५ आणि २०२५-२६ ला ३.४२, म्हणजे दर वर्षी १२ ते १४ टक्के. आणि यंदा एकदम ३२ टक्के. ही उडी कशामुळे, हे पत्रात फोडून सांगितलं पाहिजे. जुन्या ग्राहकांकडून ७ टक्के, म्हणजे २४ लाख, आणि नवीन ग्राहकाकडून ८४ लाख. ते ८४ कुठून आले? चाकणच्या ग्राहकाची पीओ, म्हणजे खरेदीची ऑर्डर, बहुधा ओपन पीओ असेल. त्यात दर असतो, संख्या नसते. संख्या महिन्याच्या शेड्यूलमध्ये येते आणि शेड्यूल कधीही कापलं जातं, हे ऑटो लाइनला कर्ज देणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याला माहीत असतं. म्हणून नुसती पीओ जोडून भागत नाही. पीओ, आलेली सगळी शेड्यूल आणि त्यापुढे प्रत्यक्ष डिस्पॅच किती गेला ते जोडा. शेड्यूल महिन्याला साडेदहा लाखांचं असेल, तर त्यातले ८० टक्केच धरा, म्हणजे ८.४ लाख, आणि जून ते मार्च दहा महिने म्हणजे ८४ लाख. ८० टक्केच का धरले ते एका वाक्यात सांगा. अधिकाऱ्याने स्वतः कात्री लावण्यापेक्षा तुम्ही लावलेली बरी, कारण तो लावेल ती जास्त खोल जाते.

दुसरा प्रश्न क्षमतेचा. एवढा माल निघेल कुठून? तुमच्याकडे आठ मशीन आहेत, पहिली पाळी सगळ्यांवर आणि दुसरी फक्त तीनवर चालते असं समजू. म्हणजे सोळा मशीन-पाळ्यांपैकी अकरा वापरात आहेत. बत्तीस टक्के वाढीला आणखी साडेतीन लागतील, त्या रिकाम्या पाचांत बसतात. हे लिहिलं की नवीन मशीन नको, टर्म लोन नको, फक्त ऑपरेटर आणि माल लागेल, हे आपोआप स्पष्ट होतं. महावितरणची बारा महिन्यांची बिलंही जोडा. विक्री वाढली आणि विजेचे युनिट वाढले नाहीत, तर अधिकाऱ्याला शंका येते. दोन्ही बरोबर चढत असतील, तर तुमच्या विक्रीला तिसऱ्याची साक्ष मिळते. विक्रीचा आकडा जीएसटीआर-३बी, ताळेबंद आणि पत्र या तिन्हींत एकच असावा. कुठे फरक असेल, समजा क्रेडिट नोटमुळे, तर तो तिथेच खुलाशासह द्या.

उधारीचे दिवस मात्र गोड करून लिहू नका. लघु उद्योगाला ४५ दिवसांत पैसे मिळावेत असा २००६ पासून कायदा आहे, आणि २०२४-२५ च्या करनिर्धारण वर्षापासून आयकरातही त्याला दात आले. पण तुमचं येणं ६० दिवसांचं असेल, तर ६०च लिहा. जीएसटीसकटच्या विक्रीवर, म्हणजे ४.०४ कोटींवर, ६७ लाखांचं येणं ६० दिवसांचंच निघतं आणि अधिकारी तो भागाकार करतोच.

आता परतफेडीच्या नोंदीबद्दल. पुष्कळ लोक पत्रात लिहितात, 'आमचा व्यवहार चोख आहे'. सीसीला हप्ता नसतो, त्यामुळे चोख म्हणजे काय ते मोजून सांगावं लागतं. महिनाअखेरीला पडलेलं व्याज किती दिवसांत भरलं, खात्यात वर्षभरात किती जमा झाली, स्टॉक स्टेटमेंट वेळेवर गेलं का, आणि खातं डीपीच्या वर किती वेळा, किती दिवस होतं. मशीनचं टर्म लोन असेल, तर किती हप्ते झाले आणि किती उशिरा गेले. एवढ्यात सगळं आलं.

ऑगस्टचे नऊ दिवस लिहा. ते बँकेच्या संगणकात आधीच आहेत, त्यामुळे लपवण्यासारखं काही राहिलेलंच नाही. ते कोणत्या शब्दांत वाचले जातील एवढंच तुमच्या हातात आहे. सीसी खातं लिमिट किंवा डीपी यांतल्या कमी रकमेच्या वर सलग ३० दिवसांपेक्षा जास्त राहिलं तर एसएमए-१ या धोक्याच्या इशाऱ्याच्या गटात जातं, आणि ९० दिवसांपुढे एनपीए होतं. नऊ दिवस त्यापासून बरेच दूर आहेत. पण कारण दिलं नाही, तर टिपणात 'खाते अनियमित होते' एवढंच येतं. कारण, रक्कम, तारखा आणि पैसे कुठून आणून भरले हे दिलं, तर तीच घटना लिमिट कमी पडतं याचा पुरावा होते. एक मात्र तपासा. त्याच काळात सीसीतून मशीन घेतलं असेल, घराचं काम केलं असेल किंवा भागीदाराने मोठी उचल केली असेल, तर हा युक्तिवाद करू नका. खर्चाच्या ओळी अधिकारी वाचतो, आणि अल्प मुदतीचे पैसे स्थिर मालमत्तेत घातल्याचं दिसलं की लिमिट वाढवणं सोडाच, आहे तेच तो संशयाने पाहू लागतो.

दुसऱ्या बँकेतल्या खात्याने अडचण येते. विक्री जीएसटीसकट ४.०४ कोटी आणि सीसी खात्यात जमा ३.६२ कोटी, तर उरलेले ४२ लाख कुठे गेले, हा प्रश्न येणारच. त्यातले ४० दुसऱ्या बँकेत आले असतील आणि दोन टीडीएस व रिजेक्शनमध्ये कापले गेले असतील, तर तसं स्पष्ट लिहा, त्या खात्याचा उतारा जोडा आणि त्या ग्राहकांना बँक बदलाचं पत्र दिल्याची प्रत लावा. ज्या बँकेकडे वाढीव पैसे मागतो, तिच्या खात्यातून विक्री फिरली पाहिजे, ही बँकेची अपेक्षा रास्त आहे.

पत्राचा मसुदा देतो. बहुतेक जण इंग्रजीत देतात, तुम्ही करून घ्या. पण क्रम हाच ठेवा.

> प्रति,
> मा. शाखा व्यवस्थापक,
> भोसरी शाखा, पुणे
>
> विषय : कॅश क्रेडिट मर्यादा ५० लाखांवरून ७५ लाख रुपये करण्याबाबत
>
> महोदय,
>
> आमच्या फर्मला आपल्या शाखेकडून ५० लाख रुपयांची कॅश क्रेडिट मर्यादा मंजूर आहे. ती ७५ लाख रुपये करावी, ही विनंती.
>
> गेल्या वर्षभरात दिलेल्या स्टॉक स्टेटमेंटनुसार आमची ड्रॉइंग पॉवर बहुतेक महिने मंजूर मर्यादेपेक्षा जास्त होती. महिनावार तक्ता सोबत जोडला आहे.
>
> आमची विक्री २०२३-२४ मध्ये २.६८ कोटी, २०२४-२५ मध्ये ३.०५ कोटी आणि २०२५-२६ मध्ये ३.४२ कोटी रुपये झाली. मागील नूतनीकरणाच्या वेळी दिलेल्या ३.६० कोटींच्या अंदाजापैकी ९५ टक्के विक्री प्रत्यक्ष झाली. २०२६-२७ साठी ४.५० कोटींचा अंदाज आहे. यातील २४ लाखांची वाढ सध्याच्या ग्राहकांकडून आणि ८४ लाखांची नवीन ग्राहकाकडून अपेक्षित आहे. नवीन ग्राहकाचे मासिक शेड्यूल १०.५ लाखांचे असून, शेड्यूलमध्ये होणारी कपात लक्षात घेऊन त्यातील ८० टक्केच धरले आहेत. हे उत्पादन सध्याच्या आठ मशीनवर दुसरी पाळी वाढवून होईल. नवीन यंत्रसामग्रीची गरज नाही.
>
> या विक्रीसाठी सुमारे १०१ लाखांचे खेळते भांडवल लागेल. त्याचा हिशोब जोडला आहे. त्यातील सुमारे २६ लाख आम्ही स्वतः घालू. ताळेबंदानुसार आमचे निव्वळ खेळते भांडवल १९ लाख आहे आणि चालू वर्षाच्या नफ्यातील ७ लाख फर्ममध्येच ठेवण्याचे भागीदारांनी ठरवले आहे. तसे संमतिपत्र जोडले आहे.
>
> एप्रिल २०२५ ते मार्च २०२६ या काळात प्रत्येक महिन्याचे व्याज सात दिवसांच्या आत भरले आहे आणि बाराही स्टॉक स्टेटमेंट मुदतीत दिली आहेत. मशीन कर्जाच्या ३८ हप्त्यांपैकी ३६ देय तारखेला आणि दोन अनुक्रमे ६ व ११ दिवस उशिरा भरले. ऑगस्ट २०२५ मध्ये एका ग्राहकाचे सहा लाखांचे देयक लांबल्याने खाते नऊ दिवस २.३ लाखांनी मर्यादेवर होते व एक धनादेश परत गेला. ती रक्कम आम्ही येणे वसूल करून भरली. त्यानंतर खाते मर्यादेवर गेलेले नाही.
>
> वर्षभरात सुमारे ४० लाखांची वसुली अन्य बँकेतील चालू खात्यात आली. संबंधित ग्राहकांना बँक बदल कळवला असून यापुढे ती आपल्याच खात्यात जमा होईल.
>
> सध्याचे तारण कायम राहील. वाढीव रकमेसाठी पत हमी योजनेखाली संरक्षण घेण्यास आमची तयारी आहे. हमी शुल्क आम्ही भरू.
>
> आपले विश्वासू

यातले व्याजाचे, हप्त्यांचे आणि भांडवलाचे आकडे मी नमुन्यादाखल घातलेत. तुमचे खरे आकडे उताऱ्यावरून मोजून घाला, आठवणीवर लिहू नका. एक हप्ता चुकीचा निघाला, तर बाकीचं पत्रही संशयात जातं.

तारणाचा परिच्छेद मुद्दाम ठेवलाय. तो नसला की पहिला फोन त्यासाठीच येतो. पत्रातली पत हमी योजना म्हणजे सीजीटीएमएसई. तिची हमी १ एप्रिल २०२५ पासून १० कोटींपर्यंत मिळते, त्यामुळे २५ लाखांच्या वाढीसाठी घर गहाण ठेवायची तयारी पहिल्याच पत्रात दाखवू नका. एमआयडीसीचा गाळा तारणात असेल, तर रक्कम वाढल्यावर गहाणखत वाढवावं लागतं. जमीन भाडेपट्ट्याची असल्याने एमआयडीसीची परवानगी लागू शकते. ती चौकशी पत्र देतानाच सुरू करा, तिला वेळ लागतो.

पत्र दिल्यावर दोन-तीन आठवड्यांत कोणीतरी युनिटवर स्टॉक पाहायला येईल. त्या दिवशी शेवटच्या स्टॉक स्टेटमेंटमधला माल शॉपफ्लोअरवर दाखवता आला पाहिजे. ग्राहकाचा माल जॉबवर्कसाठी आलेला असेल, तर तो वेगळा ठेवा आणि तशी पाटी लावा, कारण तो तुमचा स्टॉक नाही आणि चुकून मोजला गेला तर सगळी डीपी पुन्हा तपासली जाते. रिजेक्शनचा ढीगही बाजूला काढा.

बँक ७५ ऐवजी ६५ देऊ करेल, तर नाही म्हणू नका. नवीन ग्राहकाचं शेड्यूल सहा महिने सुरळीत चालल्यावर उरलेल्या १० लाखांसाठी मध्यावधी विनंती करता येते, आणि तेव्हा जोडायला प्रत्यक्ष डिस्पॅचचे आकडे असतात. मंजुरीपत्र आल्यावर सही करण्याआधी येण्यावरचं मार्जिन आणि धरायचे दिवस पुन्हा वाचा. कधीकधी लिमिट वाढवताना मार्जिन २५ वरून ४० केलेलं असतं. तसं झालं, तर वरच्याच हिशोबाने डीपी ७५ वरून ६२ वर येते. ती दुरुस्ती सही करण्याआधीच मागावी लागते.